साठ गुणांची रेघ: बायोडाटाच्या गुणांकनाची एक पडताळणी

दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना कर्ज देणारी मध्यम आकाराची वित्तकंपनी. शाखा महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी. भरती होते ती फील्ड ऑफिसरची. हा माणूस शोरूमच्या काउंटरवर बसतो, गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची कर्जफाइल तयार करतो आणि हप्ता सुरू होईपर्यंत तिच्या मागे असतो. आलेल्या प्रत्येक बायोडाटाला शंभरपैकी गुण द्यायचे आणि साठ किंवा जास्त गुण असलेल्यांनाच मुलाखतीला बोलवायचं, अशी पद्धत दोन वर्षं चालली. गुणांची वाटणी अशी: एकूण अनुभवाच्या वर्षांना ३०, शिक्षणाला २५, तत्सम कामाच्या अनुभवाला २०, नोकरीतल्या स्थिरतेला १५ आणि संगणकज्ञान व प्रमाणपत्रांना १०.

प्रश्न एकच होता. ज्यांना जास्त गुण मिळाले, ते पुढे कामात खरोखर सरस ठरले का?

हे प्रकरण या प्रकारच्या भरतीच्या नमुन्यावर बांधलेलं आहे. त्यातले आकडे हिशेब नीट दिसावा म्हणून मांडले आहेत, कुठल्या एका कंपनीच्या वहीतून उचललेले नाहीत. मात्र आकडेमोड पूर्ण आणि खरी आहे. कुणालाही ती आपल्या भरतीच्या आकड्यांवर जशीच्या तशी करून पाहता येईल.

आधी गुण तरी खरे आहेत का

दोन वर्षांत १,२४० अर्ज आले. त्यातले १३६ जण साठच्या वरच्या वाटेने रुजू झाले. आणखी १७ जण शाखा व्यवस्थापकांच्या ओळखीने, साठपेक्षा कमी गुण असूनही आत आले. त्यांचा हिशेब वेगळा ठेवला.

थेट सहसंबंध, म्हणजे दोन आकडे किती बरोबरीने चढतात-उतरतात याचं उणे एक ते एक या पट्टीवरचं माप, काढायला बसण्याआधी गुणांची नुसती मोजदाद केली, आणि ते बरंच झालं. ५४ ते ५६ गुणांचे अर्ज ९८ होते, ५७ ते ५९ चे अवघे ३१ आणि ६० ते ६२ चे तब्बल १३९. चढउतार सावकाश व्हायला हवा तिथे रेघेच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे ढीग दिसला, की अर्थ एकच: गुण देणाऱ्याने आधी माणूस पसंत केला आणि मग बेरीज साठपर्यंत नेली. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. ‘स्थिरता’ या सदरात दोन-तीन गुण इकडेतिकडे करायला जागा असते, आणि ५८ वर अडलेल्या चांगल्या मुलासाठी ती जागा वापरली जाते. पण परिणाम असा, की जे तपासायचं ते गुणपत्रक काही जणांच्या बाबतीत वापरलंच गेलेलं नाही. तिथे तपासला जातो तो कुणाचा तरी अंदाज.

उपाय म्हणून ६० ते ६२ मधून रुजू झालेल्या ३८ जणांचे बायोडाटा घेतले, त्यात इतर गुणांचे ४० मिसळले, नाव आणि फोटो झाकले आणि दोघांकडून त्याच तक्त्याने पुन्हा गुण देववले. या दोघांना अर्जदारांची पुढची कामगिरी माहीत नव्हती, आणि ही अट सोडून चालत नाही. माहीत असलं, की हात आपोआप वळतो आणि मग गुणांनी कामगिरी ‘ओळखली’ असं दिसतं. ३८ पैकी १४ जण फेरतपासणीत साठच्या खाली गेले. त्या दोन तपासनिसांच्या गुणांमधला सहसंबंध ०.७१ आला. शिक्षणाचे आणि वर्षांचे गुण जवळपास तंतोतंत जुळले, फरक पडला तो स्थिरतेत. दोन नोकऱ्यांमधली आठ महिन्यांची फट एकाने अस्थिरता धरली, दुसऱ्याने तीच घरच्या शेतीचा हंगाम म्हणून सोडून दिली. दोन माणसं एकाच कागदाला वेगवेगळे गुण देत असतील, तर त्या गुणांचा कामगिरीशी संबंध तेवढ्याच प्रमाणात पातळ होणार, हे इथेच नोंदवून ठेवायचं.

मूळ गुण मात्र पुसायचे नाहीत. निवड त्यांच्याच आधारावर झाली होती, म्हणून पुढचा सगळा हिशेब दोन्ही गुणांवर केला. निष्कर्षात एक-दोन शतांशांचाच फरक पडला, म्हणून खाली मूळ गुणांचेच आकडे दिले आहेत.

कामगिरी कशाने मोजायची

खरं अवघड काम हे होतं. हाताशी पहिलं मोजमाप होतं ते सहा महिन्यांनी, कायम करताना, व्यवस्थापकाने दिलेल्या पाचपैकी गुणांचं. १३६ पैकी २२ जण सहा महिन्यांच्या आतच सोडून गेले, त्यामुळे हे गुण ११४ जणांचे मिळाले. बायोडाटाचे गुण आणि व्यवस्थापकाचे गुण यांचा सहसंबंध ०.२४ निघाला. माणसं निवडण्याच्या क्षेत्रात हा आकडा टाकाऊ नाही. इथेच थांबलं असतं, तर ‘पद्धत चालते’ असा अहवाल गेला असता.

पण व्यवस्थापकासमोर येणाऱ्या रुजू-फाइलच्या पहिल्या पानावरच बायोडाटाचे गुण छापलेले होते. म्हणजे ज्याचा अंदाज तपासायचा, तोच अंदाज परीक्षकाच्या डोळ्यासमोर. हे किती भिनलं असेल? ३९ जणांच्या बाबतीत कायम करण्याआधीच व्यवस्थापक बदलला होता आणि नव्याने ते पान पाहिलेलं नव्हतं. या ३९ मध्ये सहसंबंध ०.०५ आला, उरलेल्या ७५ मध्ये ०.३३. दोन्ही गट लहान आहेत आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून व्यवस्थापकांना दोष देता येत नाही. पण या मोजमापावर एकट्यावर विसंबायचं नाही, हे ठरवायला तो पुरे आहे.

दुसरं मोजमाप महिन्याच्या फाइलींचं. ते आकड्यांत आहे म्हणून वस्तुनिष्ठ वाटतं, पण फाइली माणूस आणतो तितक्याच काउंटरही आणतो. बाजारपेठेतल्या मोठ्या शोरूमवर बसलेला सुमार ऑफिसर आडगावच्या उपविक्रेत्याकडे बसलेल्या मेहनती ऑफिसरपेक्षा जास्त फाइली करतो. आणि काउंटर वाटले कसे गेले, हे पाहिल्यावर खरी मेख सापडली. ७५ किंवा जास्त गुण असलेल्या ३१ जणांपैकी १९ जणांना मोठे काउंटर मिळाले होते. उरलेल्या १०५ पैकी तसे काउंटर ३१ जणांनाच मिळाले. जास्त गुणाच्या मुलाला चांगली जागा देणं व्यवस्थापकाला स्वाभाविक वाटतं. मग त्या जागेमुळे त्याच्या फाइली वाढतात, आणि वर्षअखेरीस गुण खरे ठरल्यासारखे दिसतात. भाकिताने स्वतःला खरं करून घेतलेलं असतं.

म्हणून फाइलींचा नुसता आकडा न घेता गुणोत्तर घेतलं. ऑफिसरने त्या महिन्यात केलेल्या फाइली भागिले त्याच काउंटरवरून मागच्या वर्षी त्याच महिन्यात आलेल्या फाइली. यामुळे दसरा-दिवाळी आणि पाडव्याची गर्दीही आपोआप वजा होते, नाहीतर कोण कोणत्या महिन्यात रुजू झाला त्यावरच बरंच काही ठरतं. एक बारीक गोष्ट: सण तिथीप्रमाणे येतात, त्यामुळे दिवाळी एका वर्षी ऑक्टोबरात आणि दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात पडते. ते दोन महिने एकत्र करूनच गुणोत्तर काढावं लागतं. पाडव्यासाठी मार्च-एप्रिलचंही तसंच. नवीन काउंटरला मागचं वर्ष नसतं, तिथे शाखेतल्या तशाच काउंटरची सरासरी धरली. ज्या फाइलीचा पहिलाच हप्ता बाउन्स झाला ती मोजणीतून काढली, कारण लक्ष्य गाठायला कशीबशी ढकललेली फाइल ही कामगिरी नव्हे. पहिले तीन महिने शिकण्याचे म्हणून सोडले आणि चौथ्यापासून बाराव्यापर्यंत, किंवा माणूस सोडून जाईपर्यंत, सरासरी घेतली.

नुसत्या फाइलींशी गुणांचा सहसंबंध ०.१९ होता. काउंटर आणि महिना वजा केल्यावर तो ०.०९ झाला.

एक्सेलमध्ये गुण B स्तंभात आणि गुणोत्तर F स्तंभात असेल, तर सहसंबंध आणि त्याच्या दोन्ही कडा, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असण्याची ९५ टक्के खात्री धरता येते त्या, अशा निघतात:

```
H1: =CORREL(B2:B115,F2:F115)
H2: =TANH(ATANH(H1)-1.96/SQRT(114-3))
H3: =TANH(ATANH(H1)+1.96/SQRT(114-3))
```

इथे कडा उणे ०.१० आणि ०.२७ अशा येतात. म्हणजे ११४ जणांच्या माहितीवरून एवढंच म्हणता येतं, की खरा संबंध शून्य असू शकतो, किंचित उलटा असू शकतो किंवा बऱ्यापैकी सुलटाही. या कडा अहवालात न देता फक्त ०.०९ लिहिणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे. आणि फक्त ‘संबंध सिद्ध झाला नाही’ असं लिहिणं हीसुद्धा. खरा सहसंबंध ०.२० असेल, तर तो शंभरातल्या ऐंशी वेळा पकडायला साधारण १९४ माणसं लागतात. ०.३० असेल तर ८५ पुरतात. ११४ च्या जाळ्यातून मध्यम मासाही निसटू शकतो.

जे आत आलेच नाहीत

इथे भरती विभागाने एक आक्षेप घेतला आणि तो योग्य होता. आपण फक्त साठच्या वरच्यांना पाहतो आहोत. ३५ गुणांचा माणूस कधी कामावर आलाच नाही, तर ३५ आणि ७५ मधला फरक दिसणार कसा? दहावीच्या गुणांचा पुढच्या यशाशी संबंध आहे का, हे फक्त गुणवत्ता यादीतल्या मुलांवरून शोधायला गेलं तर संबंध दिसेनासा होतो, तसंच हे.

यासाठी दुरुस्तीचं जुनं सूत्र आहे, मानसमापनात ते थॉर्नडाइकच्या नावाने ओळखलं जातं. अर्जदारांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, भागिले रुजू झालेल्यांच्या गुणांचं प्रमाण विचलन, हे U. एक्सेलमध्ये सहसंबंध H1 मध्ये आणि U H4 मध्ये असेल, तर:

```
=H1*H4/SQRT(1-H1^2+H1^2*H4^2)
```

सगळ्या १,२४० अर्जांचं प्रमाण विचलन १४ होतं, रुजू झालेल्यांचं ७. म्हणजे U = २. या सूत्राने ०.०९ चे ०.१८ होतात. व्यवस्थापकाच्या गुणांचे ०.२४ घातले तर ०.४४! हाच आकडा सादरीकरणात सर्वांत देखणा दिसला असता आणि तोच सर्वांत खोटा होता. सूत्राला आत काय घातलंय ते कळत नाही. डोळ्यासमोरच्या पानामुळे फुगलेला सहसंबंध घातला, तर ते फुगवटाही इमानदारीने वाढवून देतं.

U = २ हेही तपासायला हवं होतं. पोर्टलवरून आलेल्या अर्जांत असे कित्येक असतात, ज्यांच्याकडे दुचाकीचा परवाना नसतो किंवा जे दुसऱ्याच राज्यातून सगळीकडे एकगठ्ठा अर्ज टाकतात. त्यांना गुणपत्रक नसतं तरी कुणी घेतलं नसतं. त्यांच्यामुळे अर्जदारांचा पसारा उगाच रुंद दिसतो. परवाना आणि जिल्ह्यातलं राहणं या दोन अटी पुऱ्या करणाऱ्यांचंच प्रमाण विचलन काढलं, तर ते १० आलं. U झाला १.४३ आणि दुरुस्त सहसंबंध ०.१३. शिवाय या सूत्राचं गृहीतक असं, की निवड फक्त गुणांवर झाली. इथे मध्ये मुलाखत होती, म्हणून ०.१३ हाही अंदाजच. दुरुस्ती किती करावी हा वाद तज्ज्ञांमध्येही आहे. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की निवडपद्धतींचे कित्येक वर्षं मान्य असलेले आकडे अशाच अति-दुरुस्तीमुळे फुगलेले होते.

०.१३ चा अर्थ व्यवहारात काय? गुणांनुसार वरच्या अर्ध्यातले शंभर जण घेतले, तर कामगिरीतही वरच्या अर्ध्यात येणारे साधारण ५४ असतील. नाणं उडवून ५० आले असते. त्या देखण्या ०.४४ ने हाच आकडा ६४-६५ सांगितला असता.

ओळखीने आलेले १७ जण इथे मोलाचे वाटतात, कारण रेघेखालचे तेवढेच आपल्याकडे आहेत. त्यांची काउंटर-वजा कामगिरी इतरांच्या सरासरीइतकीच निघाली. पण १७ जणांच्या सरासरीत चूक सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाची, दोन्ही बाजूंना. त्यात ज्याने आणलं तोच व्यवस्थापक त्यांना शिकवणार आणि सांभाळणार. यांच्यावरून ‘साठची रेघ निरर्थक’ असं म्हणायचा मोह होतो, तो आवरावा.

सोडून गेलेले बावीस

आतापर्यंतचा हिशेब ११४ जणांचा होता. सहा महिन्यांत गेलेले २२ जण त्यात नव्हते, कारण त्यांची मोजण्याइतकी कामगिरीच नव्हती. बहुतेक पडताळण्यांत हे लोक असेच शांतपणे गळतात. कंपनीला मात्र तोच माणूस सर्वांत महाग पडतो. प्रशिक्षण झालेलं असतं, काउंटर रिकामा पडतो आणि शोरूमवाला दुसऱ्या वित्तकंपनीच्या माणसाला खुर्ची देतो.

७५ आणि वर गुण असलेल्या ३१ पैकी १० गेले. उरलेल्या १०५ पैकी १२. म्हणजे जवळपास तिघांत एक, विरुद्ध नवांत एक. हा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास आहे. कारण गुणपत्रकातच दिसतं. ५५ गुण एकूण वर्षांना आणि शिक्षणाला आहेत, आणि बी.कॉम. किंवा एम.बी.ए. असलेल्या सहा वर्षं अनुभवाच्या माणसाला बँकेतली किंवा विम्यातली बैठी नोकरी मिळाली, की तो दुपारी उन्हात काउंटरवर कशाला बसेल? गुणपत्रक त्याची बाजारातली किंमत मोजत होतं, या कामातली उपयुक्तता नव्हे. राहिलेल्या ११४ मधल्या ०.०९ ने ही गोष्ट पूर्ण झाकली होती. टिकणं आणि कामगिरी यांची एकत्र बेरीज करून एकच आकडा काढला असता, तर दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन पुन्हा काहीच दिसलं नसतं. म्हणून ही दोन मोजमापं शेवटपर्यंत वेगळी ठेवली.

कोणत्या गुणांत जीव होता

पाच सदरं सुटी करून पाहिली. एकूण वर्षं आणि शिक्षण यांचा काउंटर-वजा कामगिरीशी संबंध शून्याच्या दोन्ही बाजूंना रेंगाळला. ‘तत्सम काम’ या एका सदरात, म्हणजे आधी शोरूम, कर्ज किंवा विमा विकल्याच्या अनुभवात, ०.२१ दिसला. पाच सदरं तपासली की त्यातलं एखादं नशिबानेही वर येतं, म्हणून रुजू होण्याच्या वर्षानुसार दोन तुकड्या केल्या: पहिलीत ०.२९, दुसरीत ०.१२. दिशा तीच राहिली, जोर निम्म्याहून कमी झाला. ज्या माहितीवरून सदर निवडलं त्याच माहितीवर त्याची ताकद मोजली, की ती नेहमीच जास्त दिसते. पुढच्या भरतीसाठी भरवशाचा आकडा दुसऱ्या तुकडीच्या जवळचाच धरावा.

हे चित्र जुन्या संशोधनाशी जुळतं. मॅकडॅनियल, श्मिट आणि हंटर यांनी १९८८ मध्ये शिक्षण-अनुभवाला गुण देण्याच्या पद्धतींचा एकत्रित अभ्यास केला. वर्षं आणि पदव्या मोजून गुण देण्याच्या पद्धतीची भाकीत-क्षमता ०.११ निघाली, आणि उमेदवाराकडून कामाशी संबंधित ठोस कामगिरी लिहून घेऊन ती तपासणाऱ्या पद्धतीची ०.४५. दुरुस्तीवरचा वाद लक्षात घेऊन हे आकडे थोडे कमी धरले, तरी दोन्ही पद्धतींमधलं अंतर उरतंच. फक्त ही दुसरी पद्धत बायोडाटावर चालत नाही, तिला वेगळा अर्ज लागतो.

निर्णय असा झाला. परवाना आणि जिल्ह्यातलं राहणं या ‘आहे की नाही’ अटी केल्या, त्यांना गुण नाहीत. एकूण वर्षं आणि शिक्षण गुणांतून काढली. तत्सम अनुभवाच्या जागी अर्जात तीन प्रश्न आले: कोणत्या काउंटरवर किंवा भागात काम केलं, सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट महिन्यात किती फाइली झाल्या, आणि हे कोण सांगू शकेल. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, प्रत्येक गुणासाठी नमुना उत्तर लिहिलेलं, दोघांनी स्वतंत्रपणे द्यायचे. हे नवं गुणपत्रक अजून तपासलेलं नाही, म्हणून त्याचे गुण मुलाखत घेणाऱ्याला आणि व्यवस्थापकाला दिसणार नाहीत. ते दिल्या दिवशीच कुलूपबंद होतील आणि दोन अटी पुऱ्या करणारे सगळे मुलाखतीला येतील. नव्या माणसाला काउंटर देताना, एकाच वेळी दोन जागा रिकाम्या असतील तर चिठ्ठी टाकायची. व्यवस्थापकांना हे कलम आवडलं नाही, पण त्याच्याशिवाय पुन्हा तेच होईल: जागा चांगली म्हणून माणूस चांगला.

वर्षाला सत्तरच्या आसपास माणसं रुजू होतात. १९४ चा आकडा गाठायला पावणेतीन वर्षं लागतील. दीड वर्षाने एकदा हिशेब करायचा, पण तो फक्त गुण देणाऱ्या दोघांचं जुळतंय का आणि काउंटरची चिठ्ठी खरंच टाकली जाते का, हे पाहण्यापुरता. सहसंबंध तोवर काढायचा नाही, कारण मधल्या आकड्यावरून गुणपत्रक बदललं, की मोजणी पुन्हा पहिल्या माणसापासून सुरू होते.